एकाच प्रश्नाला आपलीच चार पानं

म्युनिकच्या उत्तरेला, यू-6 मेट्रोच्या शेवटच्या टोकाला गार्चिंग हे छोटं शहर आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचा मोठा परिसर इथे आहे. यंत्र अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र हे सगळे विभाग इथलेच. शेजारी माक्स प्लांकच्या संस्था आहेत, युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीचं मुख्यालय आहे. त्यामुळे पुण्यामुंबईहून, नागपूर-नाशिकहून शिकायला आणि संशोधनाला येणारी मराठी मुलंही इथे असतात. येण्याआधी त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. खोली कुठे मिळेल, श्पेरकोंटो म्हणजे व्हिसासाठीच्या गोठवलेल्या खात्यात किती पैसे भरायचे, आल्यावर पत्त्याची नोंदणी कुठे करायची. आधी आलेली मुलं उत्तरं लिहून ठेवतात. पुढच्या वर्षी नवी तुकडी येते, तिला जुनी माहिती शिळी वाटते आणि ती नवा लेख लिहिते. जुना लेख कुणी काढत नाही, कारण तो कुणाच्या तरी मेहनतीचा असतो.

तीन-चार वर्षांत एकाच संकेतस्थळावर ‘गार्चिंगमध्ये खोली कशी शोधावी’ या विषयाची चार पानं जमतात आणि गूगलवर चारांपैकी एकही धड वर दिसत नाही. या दुखण्याला संकेतस्थळांच्या धंद्यात ‘कीवर्ड कॅनिबलायझेशन’ म्हणतात. एकाच शोधासाठी आपलीच पानं आपसात भांडतात आणि एकमेकांचा वाटा खातात. शब्द भीतिदायक आहे आणि त्याच्या नावावर बरीच घबराट विकली जाते. ती किती खरी हे आधी पाहू, मग निदान आणि उपाय.

या दुखण्याचं मूळ जुन्या सल्ल्यात आहे. शोधयंत्रं शब्दाला शब्द जुळवून निकाल देत होती तेव्हा प्रत्येक शब्दरूपासाठी वेगळं पान करा, असं शिकवलं जाई. ‘खोली’साठी एक, ‘रूम’साठी दुसरं, ‘भाड्याचं घर’साठी तिसरं. 2011 मध्ये गूगलच्या पांडा नावाच्या बदलाने पोकळ पानांचे ढीग रचणाऱ्या संकेतस्थळांना दणका दिला. 2013 चा हमिंगबर्ड आणि 2019 चा बर्ट यांनी शब्दामागचा अर्थ ओळखायचं काम बरंच पुढे नेलं. आता ‘garching room’ आणि ‘garching accommodation’ या दोन शोधांना पहिल्या पानावर बहुतेक तेच निकाल येतात. मराठीत तर हा मोह आणखी मोठा, कारण लिपी दोन आणि गावाच्या नावाची लेखनं तीन-चार. प्रत्येक लेखनासाठी वेगळं पान करणारे अजूनही भेटतात. ते स्वतःच स्वतःचे प्रतिस्पर्धी तयार करत असतात.

गूगल यासाठी दंड करतं का? नाही. एकाच विषयाची पाच पानं आहेत म्हणून संकेतस्थळाला शिक्षा होत नाही. गूगलचे जॉन म्यूलर यांनी हे अनेकदा समजावलं आहे. रांगेत पुढे जायला एकमेकांना ढकलणाऱ्या मुलांची उपमा त्यांनी दिली होती: ही ढकलाढकल चालते तेवढ्यात तिसराच कुणी पुढे घुसतो. दुबळ्या अनेक पानांपेक्षा भक्कम थोडी पानं बरी, हेही त्यांचं मत. तोटा होतो तो विखुरण्याने. बाहेरून येणारे दुवे चार ठिकाणी वाटले जातात. आपल्याच संकेतस्थळावरचे आतले दुवे कधी या पानाकडे बोट दाखवतात, कधी त्या. मग नेमकं कोणतं पान पुढे करायचं याचा ठाम संकेत गूगलला मिळत नाही. ते कधी एक दाखवतं, कधी दुसरं, आणि दोन्ही मागेच राहतात.

शिवाय जागाही मोजकी आहे. जून 2019 मध्ये गूगलने जाहीर केलं की एका शोधाच्या वरच्या निकालांत एकाच संकेतस्थळाची सहसा दोनपेक्षा जास्त पानं दिसणार नाहीत. उपडोमेनही साधारणपणे मूळ डोमेनचाच भाग धरले जातात. अपवाद आहेत, पण चार पानं लिहून चार जागा मिळवण्याचा हिशेब तेव्हापासून चालत नाही.

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. विकत मिळणारी अनेक साधनं एका शोधशब्दापुढे आपली दोन पानं दिसली की लाल निशाण फडकावतात. ही मोजणी आळशी आहे. एकाच शोधात आपली दोन पानं वर असतील आणि दोन्ही वेगवेगळ्या कामाची असतील, तर ती चैन आहे, रोग नव्हे. अशी पानं घाबरून एक केली की दोनपैकी एक जागा हातची जाते. म्हणून निदान महत्त्वाचं, आणि ते गूगलच्या फुकटच्या सर्च कन्सोलमध्ये होतं.

समजा गार्चिंगच्या मराठी विद्यार्थ्यांचं एक संकेतस्थळ आहे. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, रीत मात्र खरी. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात ‘garching student room’ हा शोध गाळणीत घातला. वर तीन महिन्यांची एकूण इंप्रेशन्स, म्हणजे निकालात दिसण्याची संख्या, 1,200 आली. मग त्याच गाळणीवर पानांचा टॅब उघडला. तिथे `/garching-room-2022/` ला 690, `/garching-wohnheim-2023/` ला 380 आणि `/tum-garching-accommodation/` ला 160 इंप्रेशन्स आहेत. बेरीज 1,230.

या दोन आकड्यांतलं नातं फार लोक पाहत नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे. वरचा एकूण आकडा संपूर्ण संकेतस्थळाच्या हिशेबाने मोजला जातो. एका शोधात आपली दोन पानं एकत्र दिसली तरी इंप्रेशन एकच धरतात. खालचा तक्ता पानाच्या हिशेबाने मोजतो, तिथे दोन पानं दिसली तर दोन धरतात. आता पानांची बेरीज एकूण आकड्याच्या जवळपास असेल, तर पानं आळीपाळीने दिसत आहेत. आज हे, उद्या ते. कॅनिबलायझेशन म्हणतात ते हे. बेरीज एकूण आकड्याच्या दुपटीकडे झुकत असेल, तर दोन पानं शेजारीशेजारी दिसत आहेत आणि तिथे धावपळीचं कारण सहसा नसतं. आपल्या उदाहरणात 1,200 ला 1,230. म्हणजे तीन पानं पाळीपाळीने पुढे येत आहेत आणि एकत्र क्वचितच.

याच संकेतस्थळावर श्पेरकोंटोच्या रकमेचा शोध पाहिला. एकूण 900, पानं दोन, त्यांची इंप्रेशन्स 860 आणि 840. बेरीज 1,700. ही दोन्ही पानं बहुतेक वेळा एकत्रच दिसतात. निव्वळ जागेचा विचार केला तर चांगलंच आहे. तरी इथेही काम करायला लागणार आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि ते पुढे येईल.

बेरजेचा हा ठोकताळा लावताना काही फसव्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. लेखाच्या आतल्या उपशीर्षकाकडे थेट नेणारा दुवा निकालात आला की सर्च कन्सोल `/garching-room-2022/#rent` अशी वेगळी ओळ दाखवतं. ते पान वेगळं नाही, त्याच पानाचा तुकडा आहे, आणि त्याला प्रतिस्पर्धी समजून लोक चांगली पानं मोडतात. दुसरं, फार थोड्यांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी तक्त्यातून वगळलेले असतात. देवनागरीतल्या शोधांच्या बाबतीत हे सतत जाणवतं, कारण मुळात संख्याच कमी. अशा वेळी एकेका शब्दावर निदान करू नये. रेगेक्स गाळणीने एका अर्थाचे सगळे शोध एकत्र घ्यावेत:

```
garching.*(room|zimmer|wohnheim|accommodation)|गार्चिंग.*(खोली|रूम|घर)
```

या गटावरही बेरजेची तीच परीक्षा चालते, फक्त आणखी एक शंका डोक्यात ठेवावी: एक पान फक्त ‘wohnheim’ला आणि दुसरं फक्त ‘खोली’ला दिसत असेल, तरी गटाची बेरीज एकूण आकड्याइतकीच येईल, आणि तिथे भांडण काहीच नसेल. म्हणून गटात संशय आला की आतल्या मोठ्या शोधांवर एकेक नजर टाकावी.

शेवटची खात्री आलेखावर होते. दोन पानांची तुलना लावून दिवसागणिक इंप्रेशन्स पाहावीत. एकाची रेघ पडते त्याच दिवशी दुसऱ्याची उठते, पुढच्या आठवड्यात उलट, असा पिळा दिसला तर निदान पक्कं. दोन्ही रेघा एकदम पडल्या असतील तर कारण दुसरीकडे शोधा. गूगलचा एखादा मोठा बदल आला असेल, संकेतस्थळाला तांत्रिक अडचण असेल किंवा लोकांनी शोधणंच थांबवलं असेल. गार्चिंगसारख्या विषयात शेवटचं कारण दरवर्षी घडतं, कारण हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि त्यानंतर खोलीचा शोध ओसरतो.

निदान झालं. आता कोणती पानं एक करायची? सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि गार्चिंग हे गाव त्यासाठी नामी उदाहरण आहे.

गार्चिंग म्युनिकला इतकं लागून आहे की आपली मुलं ‘म्युनिकमध्ये राहतो’ असंच सांगतात. पण ते म्युनिक शहरात नाही. ते स्वतंत्र शहर आहे आणि म्युनिक जिल्ह्यात मोडतं. शहर आणि जिल्हा ही तिथे दोन वेगळी प्रशासनं आहेत. गार्चिंगमध्ये राहणाऱ्याने पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, गार्चिंगच्या नगरपालिकेत करायची. घरमालकाचं प्रमाणपत्र घेऊन राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. राहण्याच्या परवान्यासाठी मात्र लांडराट्सआम्ट म्युन्शेन या जिल्हा कार्यालयाच्या परदेशी नागरिक विभागात जायचं. म्युनिक शहरात राहणाऱ्याची ही दोन्ही कामं शहराच्या कार्यालयांत होतात. त्याच्या परवान्याचं काम शहराच्या के.व्ही.आर. या ज्या कार्यालयात होतं, तिथे गार्चिंगकराचा अर्ज चालत नाही.

आता या संकेतस्थळावर ‘म्युनिकमध्ये राहण्याचा परवाना’ आणि ‘गार्चिंगमध्ये राहण्याचा परवाना’ अशी दोन पानं आहेत. मजकूर तीन-चतुर्थांश सारखा: पासपोर्ट, विम्याचा पुरावा, विद्यापीठाचं पत्र, फोटो. साधन यांना हमखास लाल निशाण देईल, आणि यांत्रिकपणे काम करणारा माणूस ती एक करून टाकेल. पण वाचकाला हवं असलेलं उत्तर म्हणजे कोणत्या कार्यालयात जायचं, आणि ते उत्तर वेगळं आहे. ही पानं वेगळीच राहायला हवीत. उलट ‘टीयूएम गार्चिंग निवास’ आणि ‘गार्चिंगमध्ये विद्यार्थी खोली’ या दोन पानांत गावाचं नाव सोडून एकही शब्द सारखा नसला तरी उत्तर एकच आहे: श्टुडिरेंडेनवेर्क या विद्यार्थी-सेवा संस्थेच्या वसतिगृहासाठी लवकर अर्ज करा, प्रतीक्षायादी लांब असते, तोवर खाजगी सहनिवासात खोली बघा. ही पानं एक व्हायला हवीत. शब्द किती जुळतात हे पाहू नये, वाचकाने करायची कृती जुळते का ते पाहावं. मनात शंका असेल तर दोन्ही शोध गूगलवर टाकावेत. पहिल्या पानावरचे बहुतेक निकाल तेच असतील तर गूगलच्या लेखीही प्रश्न एकच आहे.

गोंधळात भर म्हणजे बव्हेरियात गार्चिंग दोन आहेत. दुसरं गार्चिंग आन डेर आल्ट्स, आल्टोटिंग जिल्ह्यात, म्युनिकपासून बरंच पूर्वेला. नुसतं ‘गार्चिंग’ शोधणाऱ्याला कोणतं हवं हे गूगललाही ताडावं लागतं. आपलं एखादं पान केवळ गावाच्या नावाच्या शोधाला मधूनच दिसतं आणि गायब होतं, त्यामागे अशी संदिग्धता असू शकते. तिथे पानं एक करून काही साधणार नाही.

उपायांकडे येऊ. उपाय बरेच सांगितले जातात. त्यातला एक खऱ्या अर्थाने उपाय आहे आणि बाकीचे विशिष्ट जागी कामाला येतात. तो एक म्हणजे एकत्रीकरण आणि कायमचा 301 रीडायरेक्ट.

आपल्या उदाहरणातली तीन खोलीची पानं घेऊ. टिकवायचं पान निवडताना तीन गोष्टी पाहायच्या: बाहेरून सर्वाधिक दुवे कोणाकडे येतात, ते सर्च कन्सोलच्या लिंक्स अहवालात कळतं. क्लिक कोणाला जास्त आहेत. आणि पत्ता पुढची दहा वर्षं चालेल असा आहे का. इथे पहिल्या दोन कसोट्यांवर `/garching-room-2022/` जिंकतं आणि तिसऱ्यावर सपशेल हरतं. पत्त्यात साल घालणं हीच दरवर्षी नवं पान जन्माला घालणारी सवय. 2025 मध्ये पत्त्यात 2022 दिसलं की वाचक बिचकतो, म्हणून कुणीतरी 2025 चं नवं पान काढतं आणि भांडण पुन्हा सुरू होतं. त्यामुळे इथे `/garching-room/` हा नवा, विनासालाचा पत्ता घ्यावा आणि तिन्ही जुनी पानं त्याकडे वळवावीत. नव्या पत्त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे थोडी घसरण दिसू शकते. ती सोसायची तयारी नसेल तर जिंकणाऱ्या जुन्या पानाचा पत्ता तसाच ठेवून फक्त शीर्षक आणि मजकूर अद्ययावत करावा. मी पहिला मार्ग घेईन.

एकत्र करणं म्हणजे तीन लेख एकाखाली एक चिकटवणं नव्हे. सर्च कन्सोलमध्ये प्रत्येक जुन्या पानाला कोणत्या शोधांवर क्लिक मिळत होते ते पाहावं, आणि त्या प्रत्येकाचं उत्तर नव्या पानात असल्याची खात्री करावी. 2023 च्या वसतिगृहाच्या पानाला ‘घरमालकाचं प्रमाणपत्र वसतिगृहात कोण देतं’ अशा शोधावर क्लिक येत असतील आणि तो परिच्छेदच नव्या पानात राहून गेला, तर ते वाचक तुटतात. हे झाल्यावर जुन्या पत्त्यांवर रीडायरेक्ट. अपाची सर्व्हरवर असं:

```apache
Redirect 301 /garching-room-2022/ https://example.org/garching-room/
Redirect 301 /garching-wohnheim-2023/ https://example.org/garching-room/
Redirect 301 /tum-garching-accommodation/ https://example.org/garching-room/
```

वर्डप्रेसवाल्यांना रीडायरेक्टचं प्लगइन सोपं पडतं. वर्डप्रेसमध्ये प्रसिद्ध लेखाचा पत्ता बदलला तर ते जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्याकडे पाठवतं, पण लेख कचऱ्यात टाकला तर पाठवत नाही, तिथे 404 येतं. मग एकेक पत्ता तपासावा:

```
curl -I https://example.org/garching-room-2022/
```

उत्तरात `301` आणि पुढे `location:` मध्ये नवा पत्ता दिसला पाहिजे. `302` दिसला तर तो तात्पुरता रीडायरेक्ट आहे, बदलून घ्यावा. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी साखळीही होऊ देऊ नये. 2022 चं पान पूर्वी 2023 कडे वळवलं असेल तर आता ते थेट नव्या पत्त्याकडे न्यावं. त्यानंतर संकेतस्थळावरचे जुन्या पत्त्यांकडे जाणारे आतले दुवे हाताने दुरुस्त करावेत, साइटमॅपमधून जुने पत्ते काढावेत, नव्या पानासाठी सर्च कन्सोलमधून इंडेक्सिंगची विनंती करावी. रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं, शक्य तर कायमचे ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत फिरणारे जुने दुवे वर्षानुवर्षं मरत नाहीत.

एक सोपी वाट मात्र टाळावी. सगळी जुनी पानं मुखपृष्ठाकडे वळवली की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. जुन्या पानाशी संबंध नसलेल्या जागी पाठवलेला रीडायरेक्ट गूगल बहुधा ‘पान सापडलं नाही’ असाच धरतं, आणि जुन्या दुव्यांचा फायदा जातो.

कॅनॉनिकल टॅगबद्दल गैरसमज सर्वांत जास्त. हा टॅग दोन जवळपास तंतोतंत सारख्या पानांतलं मूळ कोणतं ते सांगण्यासाठी आहे, उदाहरणार्थ छपाईची आवृत्ती किंवा पत्त्याला शेपूट जोडलेली आवृत्ती. दोन वेगळ्या लेखांवर तो लावला तर गूगल बहुधा तो मानत नाही, कारण तो आदेश नसून सूचना आहे. मानला गेला नाही, तर सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत आपण सुचवलेला आणि गूगलने निवडलेला कॅनॉनिकल वेगळे दिसतात.

`noindex` ची जागा निश्चित आहे: पान वाचकांना हवं, पण शोधात नको. वर्डप्रेस प्रत्येक टॅगसाठी आपोआप यादीचं पान बनवतं. ‘गार्चिंग’ टॅगचं असं पान कधीकधी चक्क मूळ लेखाच्या जागी दिसू लागतं. त्याच्यावर हे चालतं:

```html
<meta name="robots" content="noindex">
```

पण तेच पान `robots.txt` मध्येही अडवलं असेल तर गूगलला पान उघडताच येत नाही, ही ओळ दिसत नाही, आणि पान यादीत राहू शकतं. दोन कुलपं लावली की दार उघडं राहतं, असा हा उरफाटा प्रकार. सर्च कन्सोलमधलं पानं काढण्याचं साधनही उपाय नव्हे. ते पान सुमारे सहा महिनेच लपवतं.

जी पानं वेगळी ठेवायची, त्यांच्यातला फरक ठळक करावा. परवान्याच्या दोन पानांची शीर्षकं ‘म्युनिक शहरात राहता? परवाना के.व्ही.आर.मध्ये’ आणि ‘गार्चिंगमध्ये राहता? परवाना जिल्हा कार्यालयात’ अशी करावीत. दोघांत समान असलेली कागदपत्रांची यादी एकाच जागी ठेवून तिथे दुवा द्यावा, दोन्हीकडे पुन्हा लिहू नये. आतले दुवे देताना ‘इथे वाचा’ असं न लिहिता नेमकं काय आहे ते लिहावं, आणि एकाच शब्दसमूहाने दोन पानांकडे बोट दाखवू नये. मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांतलं तेच पान हा या भांडणाचा भागच नाही. त्यासाठी `hreflang` आहे, आणि ती पानं कधीही एक करू नयेत.

आता श्पेरकोंटो. त्या दोन पानांची बेरीज दुपटीजवळ होती, म्हणजे जागेचं नुकसान नव्हतं. तरी हात घालायला हवा. विद्यार्थी व्हिसासाठी दाखवायची रक्कम जानेवारी 2023 पासून महिना 934 म्हणजे वर्षाला 11,208 युरो होती, त्याआधी 10,332. सप्टेंबर 2024 पासून ती महिना 992, म्हणजे 11,904 युरो झाली. दोन पानांपैकी जुनं 11,208 सांगतं, नवं 11,904. दोन्ही शेजारीशेजारी दिसतात आणि जुन्याकडे दुवे जास्त असल्याने तेच वर. त्या पानावर विश्वासून कुणी 11,208 भरले, तर 696 युरो कमी पडतात आणि व्हिसाचं काम अडू शकतं. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून लागणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचीही तीच गत: त्याआधीच्या पानांवर त्याचा उल्लेखच नाही. असं पान क्लिक कितीही आणो, ते विलीनच करावं. रक्कम बदलली की तेच पान दुरुस्त करावं, वरती ‘अमुक तारखेला तपासलं’ अशी ओळ ठेवावी, नवं पान काढू नये. तारीख मात्र खरंच तपासल्यावरच बदलावी.

परिणाम किती दिवसांत दिसतो? गूगल जुने पत्ते पुन्हा उघडून रीडायरेक्ट पाहीपर्यंत काही आठवडे जातात, कमी वर्दळीच्या संकेतस्थळाला त्याहून जास्त. मोजताना टिकलेल्या पानाचे क्लिक जुन्या विजेत्याशी पडताळू नयेत, कारण ते वाढणारच, बाकीच्यांचे वाचक त्यात आले आहेत. आधीच्या तिन्ही पानांचे एकत्र क्लिक आणि नंतर एका पानाचे क्लिक, ही तुलना प्रामाणिक. तीही गेल्या महिन्याशी नव्हे, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी. सर्च कन्सोल 16 महिन्यांची माहिती ठेवतं, तेवढी यासाठी पुरते. सरासरी क्रमांकावर विसंबू नये. पान एक झाल्यावर ते नव्या, दूरच्या शोधांतही मागे कुठेतरी दिसू लागतं आणि सरासरी बिघडल्यासारखी वाटते, क्लिक वाढत असताना.

आणि मर्यादा सांगायलाच हवी. श्टुडिरेंडेनवेर्कचं आणि विद्यापीठाचं स्वतःचं पान ‘garching student housing’ला वरच असेल, ते योग्यही आहे. आपली चार पानं एक केल्याने त्यांना मागे टाकता येणार नाही. फायदा होतो तो मराठीतल्या, अनुभवाच्या शोधांत. खोली बघायला न जाता भाडं पाठवायचं का, वसतिगृह मिळेपर्यंत कुठे राहायचं, अशा प्रश्नांत. महिन्याला दहावीस इंप्रेशन्स असलेल्या पानांवर हे सगळं करण्यात अर्थ नाही, त्यांची नुसती माहिती बरोबर ठेवावी.

गार्चिंगचं असं संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती घ्यावं. प्रवेशपत्रं हाती पडून खोलीची शोधाशोध उन्हाळ्यात सुरू होते. रीडायरेक्ट ऑगस्टमध्ये बसवले तर गूगलला ते कळेपर्यंत मुलं विमानात बसलेली असतील.